एक्सफॅट आणि माझा हिसका

उद्या सुनावणी, आणि आमची घरं पाडतानाचे व्हिडिओ असलेली डिस्क उघडेना. मी दुरुस्तीवाल्या काकांवर खेकसलो, "तुम्हीच ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलीत!"

काकांनी थकून चष्मा काढला. "तुमच्या वकीलबाईंच्या मॅकवर विंडोजची एनटीएफएस डिस्क नुसती वाचता येते, तिच्यात काही भरता येत नाही. म्हणून दोन्हीकडे चालणारी एक्सफॅट. पण ती नाजूक असते, आधी स्क्रीनवर इजेक्ट न करता केबल ओढू नका, हे तीनदा सांगितलं होतं. हिसका कोणी मारला?"

मीच मारला होता.

काकांनी खणातून दुसरी डिस्क काढली. "ही एनटीएफएस, माझ्या विंडोज मशीनपुरती. व्हिडिओ भरतानाच प्रत ठेवली होती. तुमचा स्वभाव माहीत आहे ना."

मग सुस्कारा टाकत त्यांनी माझी डिस्क पुन्हा एक्सफॅट करायला घेतली. "या वेळी केबल वकीलबाईंनाच काढू द्या."