तीन बाळू

माझ्या वडिलांच्या फोनमध्ये एकाही माणसाला आडनाव नाही. जन्मभर लिफ्टदुरुस्ती केली, अर्ध्या शहरातले वॉचमन, सेक्रेटरी आणि दुकानदार त्यांच्या ओळखीचे, पण फोनमध्ये सगळे नुसत्या नावानं. मी कितीदा म्हटलं, की बाबा, आडनाव नाही तर निदान बिल्डिंगचं नाव तरी लिहा. त्यावर ठरलेलं उत्तर, "लिफ्ट काय आडनाव विचारून वर नेते का? माणूस माझ्या लक्षात आहे, बास झालं." हे बास झालं नाही, ते आम्हाला हॉस्पिटलात कळलं.

बाबांच्या कामात एक शिस्त होती. लिफ्टच्या दरवाजाला एक कुलूप असतं आणि त्याला विजेचा जोड असतो. दरवाजा नीट लागला नाही तर हा जोड लिफ्टला हलू देत नाही. बिघाड शोधताना कधी कधी तो जोड बाजूला ठेवून तिथे दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक वायर लावून, दरवाजा उघडा ठेवूनच लिफ्ट चालवून बघावी लागते. बाबांची वायर लाल होती. काम संपलं की ती काढायची, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायची, खिशावर हात मारून बघायचा आणि मगच लिफ्ट लोकांसाठी सोडायची. घरी आल्यावर आई खिसा रिकामा करायची, तेव्हा रुमालाबरोबर ही वायर हमखास निघायची. लहानपणी मी तिची बांगडी करून मिरवायचे आणि ओरडा खायचे.

याच वायरीवरून बाबा आणि काका दुरावले. बाळूकाका बाबांचा धाकटा भाऊ आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. एकदा तो वायर काढायला विसरला आणि लिफ्ट चालू करून जेवायला बसला. कुणाला काही झालं नाही. पण बाबांनी त्याला बिल्डिंगच्या दारात, चारचौघांत फैलावर घेतलं आणि सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस." काका तसाच घरी गेला, मग दुसऱ्या गावी गेला, आणि दोघांनी तोंडं फिरवली ती फिरवलीच. दोघेही एका मातीचे. आई मध्ये पडली की दोघे मिळून तिच्यावर चिडायचे, तेवढंच काय ते त्यांचं एकमत.

परवा दुपारी बाबा कामावरून लवकर आले. "डोकं धरलंय, तासभर पडतो आणि परत जातो," म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच खाली बसले. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आहे, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. मला रडू येईल असं सगळ्यांना वाटत होतं, आत्या तर रुमाल काढून तयार होती, पण मला काही वाटतच नव्हतं. मी औषधांच्या चिठ्ठ्या नेत होते, खालून चहा आणत होते, आणि माझे हात दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे चालत होते.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या तोंडून शब्द फुटला.

"बाळू," ते म्हणाले. मग बराच वेळ शोधाशोध केल्यासारखं तोंड हललं. "बाळू... लिही."

आईनं तोंडावर पदर धरला. "बघितलंस? भावाची आठवण आली. लिही बाई त्याला."

मी बाबांचा फोन घेतला आणि त्यात बोलले, "बाळूला मेसेज पाठव." फोननं विचारलं, कोणत्या बाळूला? खाली तीन बाळू, एकाखाली एक, पुढेमागे काही नाही. फोनलासुद्धा जी शंका आली ती आम्हाला आली नाही. मी तिन्ही उघडून पाहिले. एका बाळूकडून बेअरिंगचे आणि तेलकट पट्ट्यांचे फोटो आले होते. दुसऱ्याकडून रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात. तिसऱ्या बाळूशी एका अक्षराचंही बोलणं नव्हतं, पान कोरं. तोच काका. नंबर आईला पाठ होता.

"दुसऱ्या कुणाला लिहिणार?" आई म्हणाली. "सख्खा भाऊ आहे."

मी बाबांना विचारलं, "काकाला ना?" बाबा म्हणाले, "नको." पण ते पाणी हवं का विचारलं तरी नको म्हणायचे आणि पेला तोंडाशी धरला की पिऊन टाकायचे. म्हणून मी लिहिलं, "काका, बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. तुमची आठवण काढतात. या." आणि पाठवून दिलं. उत्तर आलं नाही. फोन उशाशी ठेवला, तर बाबा पुन्हा सुरू, "बाळू, लिही. नको." आई त्यांचे पाय चेपत म्हणत राहिली, "लिहिलंय हो, येतील भाऊजी."

आणि सकाळी काका खरंच आला. पहिल्या बसनं आला असावा, डोळे सुजलेले. केस पार पांढरे झाले होते. पलंगाजवळ उभा राहून "दादा" एवढंच म्हणाला आणि बाबांचा डावा हात हातात घेतला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आई रडली, काका रडला. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत होते. वाटलं, झालं, एक काम मार्गी लागलं.

मग बाबांनी काकाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"बाळू," ते म्हणाले. "लिही. नको."

"आलाय की बाळू, हा काय समोर," आई म्हणाली.

बाबांनी जोरात मान हलवली. डावा हात हवेत धरून अंगठ्यानं काहीतरी खाली दाबल्यासारखं केलं. "नको. नको." चेहरा लाल झाला. सिस्टर धावत आल्या आणि आम्हाला रागावल्या. "सगळे मिळून बोलू नका. एका वेळी एकच विचारा, दाखवून विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. त्यांना सगळं कळतंय, फक्त शब्द हाताशी येत नाहीत."

काका मात्र बाबांच्या अंगठ्याकडे बघत राहिला होता. त्यानं स्वतःचा अंगठा तसाच खाली दाबला आणि विचारलं, "मेन स्विच?"

बाबा एकदम शांत झाले.

"दादाचा शर्ट कुठाय?" काका म्हणाला.

हॉस्पिटलनं दिलेली कपड्यांची पिशवी पलंगाखालीच होती. काकानं शर्ट काढला आणि वरच्या खिशात हात घातला. रुमाल निघाला, पेन निघालं. त्यानं खिसा उलटा केला. वायर नव्हती.

"परवा हा कुठल्या कामावर होता?" काकानं विचारलं. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. "काम अर्धं टाकून आलाय हा. मेन बंद करून आला असणार, पण वायर आतच आहे. आता कुणी मेन चालू केला तर दरवाजा सताड उघडा असला तरी लिफ्ट सुटेल. कुणी पाऊल टाकत असलं तर..." त्यानं उलटा खिसा परत आत सारला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाकीचे बाळू कोण आहेत?"

तेव्हा मला कळलं आणि त्याला तर आधीच कळलं होतं. मेसेज त्याच्यासाठी नव्हता.

मी तेलकट पट्ट्यांचा फोटो बाबांसमोर धरला. "हा बाळू?" आणि थांबले. बाबांनी नजर वळवली. मग मी दुसऱ्या बाळूचा फोटो मोठा केला. निळ्या गणवेशातला एक जाडा माणूस बिल्डिंगच्या फाटकापाशी उभा होता. "हा?" बाबांनी डाव्या हाताचा तळवा फोनवर असा आपटला की फोन खालीच पडायचा. रोज गुलाबाचं फूल पाठवणारा वॉचमन.

मी लिहायला लागले, तर काका म्हणाला, "लिही, पण त्याच्या भरवशावर राहू नको. तो कधी वाचेल कुणास ठाऊक. आधी फोन लाव."

वॉचमननं फोन उचलला तो ओरडतच. "अहो, कुठे आहात साहेब? लोकांनी डोकं खाल्लंय. तुमची काम चालू असल्याची पाटी आहे वर मेनला लावलेली, पण सेक्रेटरी म्हणतात काम झालं असेल, काढायला विसरले असतील. मी किल्ली घेऊन मेन चालू करायलाच वर चाललोय."

काकानं माझ्या हातातून फोन घेतला. "आहेस तिथेच थांब," तो म्हणाला. "मेनला हात लावू नकोस आणि दुसऱ्या कुणाला लावू देऊ नकोस. दादाचा भाऊ बोलतोय. मी येतोय, पत्ता सांग."

तो गेला. बाबा डोळे मिटून पडले आणि आल्यापासून पहिल्यांदा त्यांना खरी झोप लागली. आई म्हणाली, "चहा तरी घ्यायचा होता भाऊजींनी." मी शर्टाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. हात काय करताहेत ते मला दिसत होतं, पण जाणवत नव्हतं.

काका दुपारी परत आला. हात काळे झाले होते. "जोड बदलला आणि सगळ्या मजल्यांचे दरवाजे तपासले," त्यानं बाबांना सांगितलं, साहेबाला सांगावं तसं उभ्यानंच. मग खिशावर हात मारला, लाल वायर काढली आणि बाबांच्या डाव्या मुठीत ठेवली. बाबांनी ती घट्ट धरली.

काका आपली प्रवासाची पिशवी उचलायला लागला.

"काका, थांबा ना," मी म्हटलं.

"अगं, कामाचा निरोप होता, तो पोचला." तो हसला, पण ते हसू काही नीट जमलं नाही. "माझं नाव जरा ओळखू येईल असं घाल फोनमध्ये. बाळूकाका म्हण, नाही तर गाववाला म्हण. नाही तर हा पुढच्या वेळी वॉचमनला बोलावेल आणि मीच येऊन बसेन."

मला त्याला काही सांगता आलं असतं. खोटंही सांगता आलं असतं, की पहिला निरोप तुम्हालाच होता. त्याऐवजी मी फोन घेऊन पलंगाच्या कडेला बसले. एकाला केलं बाळू वॉचमन. दुसऱ्याला केलं बाळू स्पेअरपार्ट. बाबा बघत होते. मग तिसरा उघडला आणि बाळूच्या पुढे "का" टाइप केला.

बाबांनी वायर चादरीवर सोडली आणि माझा अंगठा धरला.

"नको," ते म्हणाले.

सिस्टरनी सांगितलं होतं तसं मी थांबले, वेळ दिला. दाखवून विचारलं, "हे पुसू?" त्यांनी माझा अंगठा धरूनच तो खोडायच्या खुणेवर नेला आणि दाबला. अक्षर गेलं. तिघांत नुसता बाळू आता एकच राहिला. मग त्यांनी काकाकडे पाहिलं.

काकानं पिशवी खाली ठेवली आणि स्टूल ओढून घेतलं. मी चहा आणायला खाली गेले, आणि जिन्यातच मला रडू फुटलं.