बासष्ट उत्तरांतला भात

शामकलाला खोटं खपत नाही. मुर्रीहून सायकल मारत ती गोंदियातल्या एका सर्वेक्षण संस्थेत येते आणि सर्वेक्षकांनी गावोगावी मोबाइलवर भरलेली उत्तरं तपासते. ‘तुमच्या शब्दांत सांगा’ या प्रश्नाची उत्तरं तर तिच्याकडेच येतात. तोंडाने फटकळ, म्हणून सर्वेक्षक तिला टाळतात. टाळोत बापडे!

त्या दिवशी तिने सर्वेक्षक हिमांशूने केशोरी गावातून आणलेली बासष्ट उत्तरं उघडली आणि तिचं डोकंच फिरलं. रोवणीत, म्हणजे धानाची रोपं लावताना, बायकांना काय त्रास होतो, एवढा साधा प्रश्न. बासष्ट बायका एका सुरात सुरुवात करत होत्या, ‘भात लागवडीदरम्यान महिलांना विविध आव्हानांना सामोरे जावे लागते.’ अहो, इकडे भात ताटात असतो, शेतात, बांधीत असतं ते धान!

तिने आमगावहून हिमांशूला बोलावून घेतलं. “हे त्या एआय मशीनकडून लिवून घेतलं ना?”

“सायबच म्हणतात, शुद्ध लिवा. एका शब्दावरून मले चोर ठरवून राहिली का ताई?”

मुद्दा बरोबर होता, म्हणूनच तिला जास्त राग आला. एका शब्दावर कुणाला दोषी ठरवता येत नाही. तिने प्रत्येक प्रश्नाला लागलेल्या वेळेची नोंद काढली. सत्तर शब्दांचं उत्तर, आठ-नऊ सेकंदांत. बासष्टही वेळा तेच. मग तिने त्याच्यासमोरच फोन लावले. पहिला केशोरीच्या शकुंतलाबाईंना.

“आला होता ना पोरगा. तो सवालही विचारला. म्या सांगतलं, चिखलानं बोटं सडून राहिले. अन् बांधीवर बाईले आड जायाले जागा नाही, म्हणून आमी दिवसभर पाणीच पेत नाही. लिवलं ना त्यानं?”

फायलीत शकुंतलाबाईंच्या नावापुढे त्या पहिल्या वाक्यानंतर होतं, ‘आधुनिक यंत्रसामग्रीचा अभाव.’

आणखी सात फोन झाले. सगळीकडे तोच प्रकार. हिमांशू पडेल आवाजात म्हणाला, “टाइप कराले लय वेळ लागते. सवाल टाकला, जवाब आला.”

“त्या बाईनं तुले जवाब देला होता, नालायका!”

हिमांशूचं काम त्याच दिवशी सुटलं. पण संस्थाप्रमुख इंद्रकुमार म्हणाले, अहवाल उद्या जायचाय, पुन्हा मुलाखतींना वेळ नाही आणि पडताळणीच्या फोनवरचं बोलणं उत्तर म्हणून धरता येत नाही. बासष्टही काढून टाका. शामकला कडाडून भांडली. नियम तिलाही पाठ होता. तिनेच एकेक ओळ काढली. केशोरी अहवालातून गेली.

दुसऱ्या दिवशी शकुंतलाबाईंचा फोन आला. “बाई, माया नाव नोको टाकजो. पाण्याचं तेवढं टाकजो. टाकलं ना?”

“टाकलं, बाई,” शामकला म्हणाली.