स्टुलाशिवायचा फोटो

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि बोलण्यातही नव्हतं. विजारीची शिवण उसवून आणणाऱ्या माणसाला ते आधी चार शब्द ऐकवायचे आणि मग फुकटात शिवून द्यायचे. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "माप घ्यायला गेलो आणि बाई पळून गेली." खरं कारण घरात बसलेलं असे. मास्तरांची मोठी बहीण. तिला सगळा मोहल्ला अक्का म्हणायचा.

आई गेली तेव्हा मास्तर नाक पुसायच्या वयाचे होते. अक्काने त्यांना न्हाऊमाखू घातलं, दोन सणसणीत ठेवून दिल्या, शिवणकामाला लावलं आणि स्वतःच्या संसाराचा विचार कधी केलाच नाही. आता तिचे डोळे गेले होते. अगदीच गेले नव्हते म्हणा. माणसाचा चेहरा दिसत नसे, जवळचं अक्षर दिसत नसे, पण रंग कळत. डॉक्टरने सरळ सांगून टाकलं होतं की यापुढे चष्म्याचा उपयोग नाही. तरी दुपारी मास्तरांचा डबा घेऊन ती स्वतः दुकानात यायची. "मी आंधळी नाही, जरा धुरकट आहे," असं म्हणायची. कुणी हात धरायला आलं तर त्याचीच खरडपट्टी काढायची.

आणि त्या डब्याच्या वाटेवर, दुकानापासून हाकेच्या अंतरावर, खड्डा पडला.

खड्डे काय, सगळीकडे पडतात. पण हा नुसता खड्डा नव्हता. त्याच्या काठाला गटाराचं चेंबर होतं आणि त्या चेंबरचं झाकण अर्धं तुटून आत गेलं होतं. उरलेलं अर्धं झाकण पाय पडला की डुगडुगायचं. खाली काळं पाणी, वर उघडी लोखंडी सळई. पाणी झिरपून झिरपून बाजूचा रस्ता खचत चालला होता, म्हणजे खड्डा रोज थोडा मोठा होत होता. एक सायकलवाला पडला, एका पोराची चप्पल आत गेली, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण "अरे बापरे, कुणीतरी मरेल इथे एक दिवस" असं म्हणून पुढे निघून जायचा.

मास्तर पुढे निघून जाणाऱ्यांतले नव्हते. दुकानातलं एक पाय मोडलेलं स्टूल त्यांनी खड्ड्यात तिरकं रोवलं आणि त्याला लाल अस्तराचं भलंमोठं कापड बांधलं. मग अक्काला तिथवर आणलं आणि विचारलं, "दिसतंय का?"

"दिसतंय की. लाल आहे काहीतरी."

"हां. ते लाल दिसलं की भिंतीच्या कडेने चालायचं. भिंत सोडायची नाही. आणि ज्या दिवशी लाल दिसणार नाही ना, त्या दिवशी समज रस्ता झाला. मग चाल राणीसारखी मधून."

"मेल्या, राणी म्हणे," अक्का म्हणाली. पण ऐकलं तिने. रोज लाल दिसलं की भिंतीला हात लावायची आणि चाचपत यायची.

मग मास्तरांनी पालिकेला अर्ज लिहिला. अक्षर बरं नव्हतं, म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून घेतला. 'रस्त्यावरील जीवघेणा खड्डा व चेंबरचे तुटलेले झाकण यांबाबत' असा विषय. मोबाइलवर काढलेले फोटो छापून जोडले. विभाग कार्यालयात आवक खिडकीवर अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला, आणि विजयी मुद्रेने परत आले. जणू आता संध्याकाळपर्यंत डांबराची गाडीच येणार होती.

गाडी आली नाही. मास्तर गेले. खिडकीवरच्या कारकुनाने सांगितलं, अर्ज रस्ते विभागाकडे गेलाय. रस्ते विभागाने सांगितलं, झाकण ड्रेनेजवाल्यांचं, त्यांनी चेंबर नीट बसवल्याशिवाय आम्ही डांबर टाकून काय उपयोग? ड्रेनेजवाल्यांनी सांगितलं, बाजूचा रस्ता खचलेला असताना आम्ही झाकण बसवू कशावर? मास्तरांचं डोकं फिरलं. "म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' म्हणताय, आणि माझी बहीण मधे!" असं म्हणून त्यांनी टेबलावर हात आपटला. शिपायाने त्यांना हाताला धरून बाहेर बसवलं आणि पाणी दिलं.

शेवटी पाहणी झाली. मुकादम आला, त्याने दोन फोटो घेतले, मान डोलावली आणि गेला. काही दिवसांनी लेखी उत्तर आलं. मास्तरांनी ते दुकानात उभ्या उभ्या वाचलं. 'सदर ठिकाणी स्थळपाहणी केली असता तेथे धोकादर्शक खूण लावलेली आढळून आली. आपण जोडलेल्या छायाचित्रांतही ती दिसून येते. सबब तूर्त धोका नसून काम क्रमाने हाती घेण्यात येईल.'

धोकादर्शक खूण! म्हणजे ते मोडकं स्टूल! मास्तरांनी स्वतः रोवलेलं, स्वतःच्या अस्तराचं कापड बांधलेलं. लोकांची डोकी फुटू नयेत म्हणून जे केलं, तेच यांनी उचलून मास्तरांच्याच तोंडावर मारलं. संताप होणार नाही तर काय होईल माणसाचा?

ते तडक कार्यालयात गेले. आवक खिडकीवरचा तो कारकून तसा भला माणूस होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मास्तर, तुम्ही पण कमाल करता. फोटोत तुमचं स्टूल एवढं झोकात उभं आहे की वाटतं, सगळा बंदोबस्त झालाय. ते बाजूला घ्या ना. ताजे फोटो काढा. खड्डा उघडा दिसला पाहिजे, झाकण तुटलेलं दिसलं पाहिजे. आत टेप सोडा, म्हणजे किती खोल आहे ते कळेल. फोटोवर तारीख-वेळ येऊ द्या. मग बघतो साहेब कसा क्रमाने घेतो ते."

मास्तरांना पटलं. पटणारच. गळ्यात जन्मभर टेप घालून फिरलेल्या माणसाला कुणी माप काढायला सांगितलं तर तो नाही म्हणेल?

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तेव्हा त्यांनी स्टूल उपटलं आणि दुकानाच्या पायरीशी आणून ठेवलं. लाल कापड सुटून खाली पडलं, ते त्यांनी नीट घडी करून आत ठेवलं. मग गुडघे टेकून, एका हाताने खड्ड्यात टेप सोडून, दुसऱ्या हाताने त्यांनी फोटो काढले. एक वरून. एक बाजूने. एक तुटक्या झाकणाचा, आतली सळई आणि काळं पाणी दिसेल असा. आपलं काम नीट झालं की त्यांना मनातून बरं वाटायचं, तसं बरं वाटलं.

पण उन्हात मोबाइलच्या काचेवर काही दिसेना. म्हणून ते दुकानाच्या सावलीत गेले. बघावं तरी कसे आलेत. एक पुसट होता, तो पुसला. एकात त्यांचीच सावली पडली होती. तिसरा मात्र असा आला होता की बघणाऱ्याच्या पोटात गोळाच यावा. मास्तर तो बोटांनी मोठा करून बघत होते.

बाहेर डबा आपटल्याचा आवाज आला.

मास्तर धावले. अक्काचा एक पाय मांडीपर्यंत चेंबरमध्ये गेला होता आणि ती कमरेत वाकडी होऊन रस्त्यावर पडली होती. डबा उघडून सगळं जेवण मातीत गेलं होतं. तिचा हात हवेत काहीतरी शोधत होता. मास्तरांनी तो धरला. लोक जमले, कुणी पाय सोडवला, कुणी रिक्षा आणली, कुणी मोबाइलवर सगळं टिपून घेतलं. आता प्रत्येकजण म्हणत होता, मी आधीच म्हटलं होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, उभ्या राहिल्या तरी फार समजा. अक्का गुंगीतून शुद्धीवर आली तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती काहीतरी सांगत होती. मास्तर दाराशीच थांबले.

"माझ्या भावाने पालिकेकडून रस्ता करून घेतला हो. भारी चिवट आहे तो. पण मेल्यांनी कसला केला कुणास ठाऊक, पहिल्याच दिवशी खचला!"

मास्तर आत गेले नाहीत. जिन्यात जाऊन बसले.

लोकांनी टिपलेलं ते सगळं इकडे गावभर झालं होतं, त्यामुळे पालिकेला जाग आली. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दोन्ही विभागांची माणसं एकाच गाडीतून उतरली. आधी कुणी, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. चेंबर बांधलं, नवं कोरं झाकण बसलं, वर डांबर पडलं, मुकादमाने फोटो काढला.

ते बघून मास्तर संतापाने कार्यालयात गेले आणि आपले ते फोटो छापून साहेबांच्या टेबलावर फेकले. "बघा! ह्यात पडली ती! हे होतं तुमचं 'तूर्त धोका नाही'!"

साहेबाने फोटो उचलले. एकेक निवांत पाहिला. मग खालच्या तारीख-वेळेवर बोट ठेवलं. "हे अपघाताच्या आधीचे ना? अगदी थोडं आधीचे. मग यात तुमचं स्टूल कुठे आहे?"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. तो भला कारकून फाइल छातीशी धरून उभा होता. त्याने मान खाली घातली.

उत्तर यथावकाश टपालाने घरी आलं. तोवर अक्काही घरी आली होती, पलंगावर. ती उठून बसू शकत होती, चालू शकत नव्हती. आता मास्तर दुपारी दुकान बंद करून घरी येत आणि तिला वाढून देत. लिफाफा फाडल्याचा आवाज तिने ऐकला.

"पालिकेचं का? वाच ना."

मास्तरांनी वाचलं. 'तक्रारीनुसार काम पूर्ण करण्यात आले असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' तिथेच ते थांबले. पुढे आणखी एक वाक्य होतं. 'अपघातसमयी तक्रारदाराने धोकादर्शक खूण स्वतः हटवली होती, हे त्यांनीच सादर केलेल्या छायाचित्रांवरून स्पष्ट होते.' ते त्यांनी मनातच वाचलं.

"काम कधी पूर्ण केलं म्हणतात?" अक्काने विचारलं.

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. पण तिच्याशी ते कधी खोटं बोलले नव्हते, आणि आता नव्याने कुठून शिकणार? "तू पडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी," ते म्हणाले.

अक्काचा ताटातला हात तसाच राहिला. ती सगळं जुळवत होती, मास्तरांना ते समोर दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

"लाल नव्हतं तिथे," ती म्हणाली. "मी नीट बघितलं होतं. दोनदा बघितलं. लाल नव्हतं म्हणून तर भिंत सोडली."

"मी काढलं होतं, अक्का. फोटोसाठी. स्टूल दिसतं म्हणून ते काम करेनात. थोडाच वेळ काढलं होतं गं. फोटो कसा आलाय, तेवढं बघत होतो..."

त्यांना वाटलं, आता ती थोबाडीत मारेल. मारावी, असंच त्यांना वाटत होतं. लहानपणी मारायची तशी. ते जरा पुढे सरकलेसुद्धा, तिचा हात पोचावा म्हणून.

अक्काने धुरकट डोळे त्यांच्या आवाजाच्या दिशेला वळवले.

"आला का मग चांगला?" तिने विचारलं.

"आला," मास्तर म्हणाले.