मांजरीचे काळेभोर डोळे

दोन वर्षांपूर्वीची मी स्वतःला फार शहाणी समजायची. आमच्या पंधरा वर्षांच्या मांजरीचे डोळे एका सकाळी अचानक मोठे, काळेभोर दिसू लागले. "काहून वं, म्हातारपणी तरणी होऊन राहिली?" असं म्हणत मी ते डोळे दोन दिवस शेजारणींना कौतुकानं दाखवले. तिसऱ्या दिवशी ती कूलरच्या स्टँडवर आदळली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पुढच्या पायाला इवलासा पट्टा बांधून बीपी मोजला. "आजी, फार वाढलाय. डोळ्यांचे आतले पडदे सुटलेत, दिसत नाही म्हणून बाहुल्या अशा मोठ्या झाल्यात. लगेच आणलं असतं तर आशा जास्त होती." किडनी तपासायला रक्त घेतलं, रोजची गोळी लिहून दिली.

बीपी उतरला, नजर आली नाही. आता सकाळी आधी तिची गोळी, मग माझी. घरातली खुर्चीसुद्धा मी कोणाला हलवू देत नाही.