दक्षिणेची उबदार भिंत

सेलेस्तिनो आकिनोला काहीही टाकून देणं जिवावर यायचं. तुटका पट्टा, वाकडा खिळा, सगळं घरी. पाराना नदीकाठच्या आमच्या तेलाच्या कारखान्यात तो गाळणीवर होता, मी प्रयोगशाळेत. सोयाबीन चपटं करून विद्रावकाने धुऊन काढलेलं तेल, त्यातला डिंक आणि आम्ल गेलं की त्याच्याकडे यायचं. निर्वात टाकीत गरम तेलात तो माती मिसळायचा. माती रंग ओढून घ्यायची, गाळणी माती अडवायची आणि उजळ तेल वाफेच्या मनोऱ्यात वास घालवायला पुढे जायचं. मागे उरायची तेल प्यालेली काळी माती. ती पाण्याने भिजवून खड्ड्यात टाकायची असा नियम होता.

नियम कागदावर. रविवारी मांस भाजायचे कोळसे पेटवायला त्या मातीसारखं दुसरं काही नाही, म्हणून जो तो पिशवीभर घरी न्यायचा, फाटकावरचा पहारेकरीसुद्धा. सेलेस्तिनो पोत्यांनी न्यायचा.

"मिर्ता, देवाची देणगी आहे ही, आणि तुम्ही ती खड्ड्यात ओतता!"

"देवाची नाही, मालकाची."

"मग तर हक्काचीच की!"

बायको गेल्यावर त्याच्या घरात आई उरली होती, दोन्या एउलोखिया. अंथरुणाला खिळलेली, जीभ मात्र धारदार. तिची वेणीसुद्धा तोच घालायचा. तिच्या खाटेमागच्या भिंतीपलीकडे त्याचं खोपटं होतं, आणि त्या जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, सान हुआनच्या सणाच्या रात्री आळीत मोठा जाळ करायचा म्हणून त्याने तिथे पोत्यांची थप्पीच लावली होती.

ते साल वाईट होतं. दुष्काळात सोयाबीन हिरवंच वाळलं, तेलही हिरवं उतरलं. तो हिरवा रंग जाता जाईना. माती जास्त घालावी लागे आणि गाळणी सारखी तुंबे. एरवी गाळणी भरली की मातीतलं तेल वाफेने ढकलून काढत. साहेब ओरडला, वाफ कमी करा, वेळ नाही. मला तेव्हापासूनच ती माती बघवत नव्हती. नेहमीपेक्षा ओशट, चकचकीत दिसायची.

एका दुपारी भोपळ्याच्या वाटीतून माते, आमचा कडवट चहा, पिताना सेलेस्तिनो खुशीत होता.

"आईची हाडं थांबली बघ दुखायची. म्हणते, भिंत उबदार लागते, पाठ टेकली की बरं वाटतं."

"लग्न लावून टाक तिचं भिंतीशी."

"भिंत तरी ऐकून घेईल. माझ्या बापाने कधी घेतलं नाही!" तो खदखदून हसला. "आणि म्हणते, तू कामावर गेलास तरी खोलीत तुझाच वास येतो."

त्याच्या कपड्यांना कायम त्या मातीचा खवट वास असायचा. आम्ही सगळे हसलो.

पुढच्या आठवड्यात खड्ड्याकाठचा न भिजवलेला ढीग आपोआप धुमसला. मी माती तपासली आणि सेलेस्तिनोला गाठलं.

"तुझ्या मातीत तेल भलतंच राहिलंय. हवा लागली की ती आपली आपण तापते. घरची पोती आधी बाहेर काढ."

"मला शिकवू नकोस गं. म्हणून तर उन्हात ठेवत नाही. खोपट्यात आहेत, दक्षिणेच्या भिंतीला, एकावर एक, गच्च."

"गच्च ठेवलीस तर आतली ऊब जाईल कुठे?"

मातेचा भोपळा तोंडाशी नेता नेता त्याने खाली ठेवला. आमच्याकडे सूर्य उत्तरेकडून जातो. दक्षिणेची भिंत हिवाळाभर बर्फासारखी असते.

"तिकडे ऊन येतच नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

माझ्या गाडीतून गेलो. वाटेभर तो एकच बोलत होता, "सकाळी बोलली माझ्याशी. कॉफी गार आहे म्हणून शिव्या दिल्या." घर दिसलं. धूर नाही, आग नाही. मला केवढं हायसं वाटलं.

थंडी येऊ नये म्हणून खिडकीच्या फटीत त्यानेच चिंध्या कोंबल्या होत्या. भिंत वर पत्र्यापर्यंत पोचत नव्हती, आणि खोलीत तोच खवट वास कोंदला होता. दोन्या एउलोखिया पाठ भिंतीला लावून कुशीवर झोपली होती. गाल तरुण पोरीसारखे लाल.

"बघ, किती छान झोपलीय," तो कुजबुजला. मग त्याने तिचा हात हातात घेतला.

मी दार, खिडकी, सगळं उघडलं. आता उपयोग नव्हता. धुमसणाऱ्या मातीचा विषारी वायू पत्र्याखालच्या फटीतून आत भरत राहिला होता. शेजाऱ्यांनी खोपट्यातली पोती ओढली तेव्हा मधली आतून लाल निघाली आणि हवा लागताच भडकली. बादल्यांनी विझवली.

त्या वर्षी आळीत सान हुआनचा जाळ झाला नाही. कारखान्यातून कुणी पिशवीही नेली नाही.

अंत्यविधी झाल्यावर मी जेवण घेऊन गेले. तो आईच्या खाटेवर बसला होता, पाठ भिंतीला टेकून. विटांतली ऊब अजून गेली नव्हती.

"चल, माझ्याकडे राहा दोन दिवस," मी म्हटलं.

"भिंत गार झाली की येतो."