मैत्रिणीचा आवाज

वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारीजवळून जाताना ठसका लागला की मला ते पत्र आठवतं. माझी मैत्रीण वारली तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती. त्या मुलीच्या हळदीच्या आदल्या दिवशी तिच्या सावत्र आईचा फोन आला. "पोर रडी ऱ्हायनी. वीस वरीस व्हयनात, मी तर तिनी मायले देखेलबी नही. तुम्ही काही सांगा." मी मोबाइलवरच मुलीला पत्र लिहायला बसले. 'आई वरून बघते आहे' हे लिहून पुसलं. लग्नात आई आठवणारच, त्यात अशुभ काही नाही, आणि उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिलं. मग एक खरी गोष्ट लिहिली. आम्ही दोघी पथारीवर मिरचीचे देठ खुडायचो, हात जळजळायचे, म्हणून तिची आई तिला कोपरांनी उचलून घ्यायची. पत्र पाठवलं आणि लगेच मुलीचा फोन आला. "मावशी, मन्ही मायना आवाज कसा व्हता?" मी दहा वर्षं त्या बाईशेजारी बसले होते. तिचं हसताना मान मागे टाकणं आठवलं, आवाज काही आठवेना. खोटं सांगायला जीभ वळली नाही. "माले याद नही, बेटा." "मालेबी नही," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. चार वर्षं झाली. तो आवाज मला अजून आठवलेला नाही, आणि आता आठवेल असं वाटतही नाही.