रविवारचं ‘का?’

फायनल इयरला मशीन लर्निंगच्या इंटरव्ह्यूसाठी मी आणि मैत्रिणीने तीन महिन्यांचा प्लॅन आखलेला. कॉलेज सुटल्यावर रोज एकच टॉपिक. रविवारी ठाकुर्लीला तिच्या घरी बसून आठवड्याचं सगळं वही न बघता एकमेकींना समजवायचं.

“आधी डेटा स्प्लिट, म्हणजे ट्रेनिंगचा वेगळा, टेस्टचा वेगळा; मग स्केलिंग, म्हणजे सगळे आकडे एका मापात आणायचे,” मी म्हणायचे.

“का?”

“नाहीतर टेस्ट डेटाची माहिती ट्रेनिंगमध्ये झिरपते.”

“मग काय बिघडलं?”

असा राग यायचा! “मॉडेल आहे त्याहून हुशार दिसतं, बाई!”

शेवटच्या महिन्यात तिला बंगळुरूत इंटर्नशिप लागली. रविवार संपले.

माझ्या इंटरव्ह्यूत नेमकं तेच विचारलं: आधी स्प्लिट की स्केलिंग? मी उत्तर देऊन थांबले. समोरच्यांनी मान डोलावली, पुढचं विचारलं. मी मात्र अजून ‘का?’ची वाट बघत होते.